शितन्शीत मोकळा फ्राइड राइस : कालच्या भातापासून, घरच्या गॅसवर

फ्राइड राइस म्हटलं की बहुतेक जण सॉसच्या बाटल्यांपासून सुरुवात करतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. दर वेळी ताजा वाफाळता भात कढईत टाकायचो, दोन मिनिटांत त्याचा गचका व्हायचा, आणि मग वाटायचं की सॉस कमी पडला किंवा तेल कमी पडलं, म्हणून आणखी घालायचो, की तो गचका वर तेलकट पण व्हायचा. चव वाईट नसायची, पण ते खाताना चायनीज मसाले भात खाल्ल्यासारखं वाटायचं.

आमच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी लावणारे एक दादा आहेत, त्यांना एकदा विचारलं की दादा तुमचा भात असा सुटा कसा. ते म्हणाले, "भात दुपारी करून परातीत पसरून ठेवतो, रात्री वापरतो. गरम भाताचं काम नाही इथे." एवढंच सांगितलं, पण मला जे कळत नव्हतं ते नेमकं हेच होतं. फ्राइड राइस कढईत बिघडत नाही, तो आदल्या दिवशी पातेल्यातच बिघडलेला असतो. चिनी भाषेत तर अशा भाताला 'रात्र ओलांडलेला भात' असा वेगळा शब्दच आहे.

खाली दोन माणसांसाठी साध्या अंड्याच्या फ्राइड राइसची पूर्ण कृती देतोय. अंडं नको असेल तर तेवढी पायरी सोडा, बाकी सगळं तसंच.

काय काय लागेल

सामान:
- २०० ग्रॅम तांदूळ, जुना कोलम असेल तर उत्तम (शिजून साधारण ५५० ते ६०० ग्रॅम भात होतो)
- ३ अंडी
- ४ ते ५ टेबलस्पून रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल
- एक गाजर, ७-८ फरसबीच्या शेंगा, मूठभर कोबी
- पातीचा कांदा ४-५ काड्या, पांढरा भाग आणि पात वेगवेगळे चिरून
- लसूण ५-६ पाकळ्या बारीक चिरून, थोडं आलं
- सोया सॉस २ ते ३ टीस्पून, मिरपूड, मीठ

भांडी:
- लोखंडी कढई, जितकी रुंद तितकी चांगली. ती नसेल तर मोठा खोलगट लोखंडी तवा
- सपाट धारेचं उलथनं
- मोठी परात किंवा दोन ताटं
- चाळण किंवा रोळी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर छान, नसला तरी अडत नाही

नॉनस्टिकमध्ये हे करू नका. आपल्याला कढई धूर येईपर्यंत तापवायची आहे आणि नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, रिकामं भांडं मोठ्या गॅसवर ठेवलं तर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.

१. आधी हे समजून घ्या : ताज्या भाताचा गोळा का होतो

तांदळाच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. उकळत्या पाण्यात तो स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि त्यातला थोडा दाण्याच्या बाहेर येऊन पाण्यात मिसळतो. पेज चिकट लागते ती यामुळेच. भात गरम असतो तेव्हा हीच पेज प्रत्येक शितावर पातळ खळीसारखी बसलेली असते. दोन शितं एकमेकांना टेकली की खळ त्यांना धरून ठेवते, वरून उलथन्याने ढवळलं की मऊ शितं फुटतात, आतला आणखी स्टार्च बाहेर येतो आणि खळ वाढतच जाते. म्हणून ताजा भात जितका जास्त परतावा तितका जास्त चिकट होतो.

भात थंड झाला, त्यातही फ्रिजमध्ये रात्रभर राहिला, की स्टार्चचे ते सुटलेले धागे परत एकमेकांना बिलगून बसतात आणि शीत घट्ट होतं. रात्रीचा उरलेला भात सकाळी फ्रिजमधून काढला की कडक लागतो ते याच्यामुळे. फक्त पाणी उडाल्यामुळे तसं होत नाही, पाण्याचा थेंबही कमी न होता बंद डब्यातला भातसुद्धा कडक होतो. असं घट्ट शीत कढईत उलथन्याचा मार सहन करतं, आणि उष्णता लागली की आतून परत मऊ होतं. आपल्याला हेच पाहिजे असतं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. एकदा मी वजन करून पाहिलं, पेज निथळून काढलेला गरम भात ६०० ग्रॅम होता, तोच पसरून गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी ५५० भरला. म्हणजे ५० ग्रॅम पाणी गेलं, आणि ते बहुतेक वरवरचं. आता हेच पाणी भातासोबत कढईत गेलं असतं तर काय झालं असतं? पाण्याची वाफ करायला भरपूर उष्णता लागते, घरच्या मोठ्या बर्नरची जेवढी उष्णता खरोखर कढईत पोचते त्या हिशेबाने ५० ग्रॅम पाणी उडवायला साधारण दोन मिनिटं जातात. ती दोन मिनिटं भात शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो, म्हणजे तो परतला जात नाही, वाफेवर परत शिजतो. खळ तशीच ओली राहते आणि आपण वरून ढवळत राहतो, की झाला गोळा.

त्यामुळे शिळेपणात जादू काही नाही, भाताला दोन गोष्टी पाहिजेत, आतून घट्टपणा आणि बाहेरून कोरडेपणा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

२. तांदूळ कुठला घ्यायचा

इंद्रायणी आणि आंबेमोहोर वरण-भाताला कितीही सुंदर असले तरी इथे नकोत. त्यांचा भात मुळातच मऊ आणि चिकट होतो, कितीही शिळा केला तरी शितं नीट सुटत नाहीत. स्टार्चचे दोन प्रकार असतात, एक सरळ लांब धाग्यांचा आणि एक फांद्या फुटलेला. ज्या तांदळात सरळ धाग्यांचा स्टार्च जास्त त्याचा भात फडफडीत होतो आणि गार झाल्यावर लवकर घट्ट होतो.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो जुना कोलम. बासमतीही चालतो, पण त्याचं लांब शीत परतताना मधोमध तुटतं आणि मग तुकड्या-तुकड्यांचा भात होतो, शिवाय त्याचा वास लसूण-सोयाच्या वर येतो, मला ते दोन्ही एकत्र आवडत नाही. चीनमध्येसुद्धा यासाठी मध्यम दाण्याचा तांदूळ बरेच जण वापरतात, तेव्हा लांब दाणाच पाहिजे असं काही नाही. दुकानात विचारताना 'जुना आहे का' हे मात्र नक्की विचारा, नवा तांदूळ जास्त चिकटतो.

३. आदल्या दिवशी : भात वेळून काढा

रोजचा कुकरचा भात यासाठी सगळ्यात अवघड. कुकरमध्ये आपण एका वाटीला दोन-अडीच वाट्या पाणी घालतो, ते सगळं भातातच जिरतं आणि बाहेर आलेली पेजही शितांवरच राहते. कोकणात जुन्या बायका भात वेळून काढायच्या, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून पेज निथळून टाकायची. फ्राइड राइससाठी ती पद्धत अगदी तंतोतंत बसते, कारण चिकटवणारी खळच पाण्याबरोबर निघून जाते.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, पाणी जवळपास स्वच्छ दिसेपर्यंत. दाण्यांना चिकटलेली पिठी निघून जायला हवी. मग २० मिनिटं भिजवा आणि निथळा. मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर पाणी खळखळ उकळवा, चमचाभर मीठ घाला आणि तांदूळ सोडा. एकदा हलवून घ्या, नंतर सारखं ढवळू नका. भिजवलेला कोलम ८ ते १० मिनिटांत होतो, पण घड्याळावर विसंबू नका, सातव्या मिनिटापासून एकेक शीत काढून बोटात दाबून बघा. पूर्ण लगदा होत असेल तर उशीर झाला. दाबल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत आणि अगदी मध्ये बारीकसा टणकपणा जाणवावा, तो क्षण बरोबर. उरलेली वाफ आणि उद्याची कढई ते काम पूर्ण करतात.

लगेच चाळणीत ओता, दोन-तीन मिनिटं चाळण तशीच ठेवा. वरून गार पाणी ओतायचा मोह होतो, तसं करू नका, खळ धुतली जाते खरी पण तेवढंच पाणी परत भाताला बसतं. ती पेज मात्र फेकू नका, मीठ-जिरं घालून प्यायला छान लागते.

कुकरच वापरायचा असेल तर भिजवलेल्या एका वाटीला सव्वा ते दीड वाटीच पाणी घाला. जमतं, पण वेळलेल्या भाताइतका सुटा होत नाही.

४. गार करणं आणि फ्रिज : इथे घाई करा

निथळलेला भात परातीत पसरा, थर बोटाच्या एका पेरापेक्षा जाड नको. पंखा लावा. वाफ मोकळी झाली पाहिजे, पातेल्यात तसाच झाकून ठेवला तर तीच वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत भातावर पडते आणि सकाळी वरचा थर ओला, खालचा गोळा. मध्ये एकदा हलक्या हाताने भात वरखाली करा. अर्ध्या तासात तो हाताला गार लागतो.

गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. हे मी चवीसाठी सांगत नाहीये. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि ते भात उकळताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि एक विष तयार करतात ज्याने काही तासांतच उलट्या सुरू होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, नंतर भात कितीही कडकडीत परतला तरी ते जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चायनीज रेस्टॉरंटमधल्या फ्राइड राइसमुळे लोक आजारी पडले तेव्हा हा प्रकार नीट लक्षात आला, भात शिजवून तासन्तास बाहेरच ठेवलेला असायचा.

आपल्याकडे रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा ही घरोघरची सवय आहे, आमच्या घरीही होती. मी ती बंद केली. वास येत नाही, आंबलेला नाही म्हणजे चांगला असं या विषाच्या बाबतीत धरता येत नाही. शिजल्यापासून तासाभरात भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या, जिवावर आलं तरी. गाडीवाले दादा भात दुपारी पसरतात ते ठीक, पण त्यांच्याकडे तो उघड्यावर किती वेळ राहतो हे आपल्या घराला लावू नका.

फ्रिजमध्ये ठेवताना रुंद डबा घ्या आणि पहिले दोन तास झाकण उघडं ठेवा, म्हणजे वरचा ओलावा निघून जाईल. नंतर झाकण सैलसर लावा. पूर्ण रात्र उघडा ठेवला तर वरची शितं कच्च्या तांदळासारखी कडक होतात आणि फ्रिजमधल्या कांद्याचा वासही भाताला लागतो.

५. दुसऱ्या दिवशी : कढईआधी भात सुटा करा

फ्रिजमधून काढलेला भात ढेकळांसारखा असतो, ते बघून घाबरू नका, चांगल्या भाताची ढेकळं दाबली की फुटतात. हाताला थोडं तेल लावा आणि थंड भातच बोटांनी हळुवार मोकळा करा, पोहे भिजवल्यावर करतो तसं. दाबायचं नाही, दोन्ही तळव्यांत घेऊन सोडवायचं. यात पाच मिनिटं जातात, पण हीच ढेकळं कढईत उलथन्याने फोडायला गेलात तर निम्मी शितं तुटतील आणि तेवढ्या वेळात कढई गार होईल.

आता परीक्षा. मूठभर भात तळव्यावर घेऊन हलका झुलवा. शितं वेगवेगळी घरंगळली तर भात तयार. एकमेकांना धरून राहिली आणि तळव्याला ओल लागली तर परातीत पसरून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

आणि भात मुळातच आसट असेल, म्हणजे दुपारच्या जेवणातला मऊ कुकरचा भात उरलाय, तर त्याच्या मागे लागू नका. त्याचा फोडणीचा भात करा, तो छान होतो. तिथे आपण पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतो आणि वाफेवर मऊ करतो, फ्राइड राइसमध्ये नेमकं उलटं, ना पाणी ना झाकण. सवयीने हात झाकणाकडे जातो, तेवढं सांभाळा.

६. बाकीची तयारी, सगळी आधी

परतणं एका घाण्याला चार-पाच मिनिटांत संपतं, मध्ये चिरायला वेळ नसतो. गाजर आणि फरसबी अगदी बारीक चिरा, मोठ्या तुकड्यांना शिजायला वेळ लागतो. धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून कोरड्या करा. फ्रोझन मटार घालणार असाल तर आधी बाहेर काढून पुसून घ्या, ते बर्फासकट कढईत टाकणं म्हणजे वाटीभर पाणी टाकण्यासारखंच आहे.

भाज्या थोड्या तेलात मोठ्या आचेवर दोन मिनिटं वेगळ्या परतून बाजूला काढून ठेवा. मीठ आत्ता घालू नका, त्याने कोबी पाणी सोडतो. भाज्या आणि भात एकत्र परतू नका हे मी आग्रहाने सांगेन, रेस्टॉरंटची भट्टी ते पाणी क्षणात उडवते, आपला गॅस नाही उडवत.

अंडी चिमूटभर मीठ घालून फेटा. सोया सॉस वाटीत मोजून ठेवा, बाटलीतून थेट ओतू नका.

७. आच : घरच्या गॅसचं गणित

चायनीज स्वयंपाकघरातली भट्टी घरच्या बर्नरपेक्षा दहा-पंधरा पट ताकदीची असू शकते. तिथला शेफ कढई सारखी उडवत राहतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या शेफचे व्हिडिओ अभ्यासले तेव्हा दिसलं की ते सेकंदाला जवळपास तीन वेळा कढई उडवतात. भट्टी इतकी प्रखर की भात सतत हवेत गेला नाही तर जळेल.

आपलं उलटं आहे. आपल्या गॅसवर कढई उचलली की ती गार होते. म्हणून घरी कढई उडवायचा प्रयत्न करू नका, ती बर्नरवरच राहू द्या आणि उलथनं चालवा. ताकद वाढवता येत नाही तर काम कमी करा, म्हणजे एका वेळी भात कमी घ्या. ५५० ग्रॅम भाताचे दोन घाणे करा, प्रत्येकी २७५ ग्रॅमचे. चार माणसांचा भात एकदम टाकलात तर बाकी सगळं बरोबर असूनही तो वाफेवरच शिजेल, मी हे पाहुणे आलेले असताना करून बघितलंय आणि सगळ्यांना मसालेभातच वाढला.

सगळ्यात मोठा बर्नर, आच पूर्ण. रिकामी कोरडी कढई तीन-चार मिनिटं तापवा. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. पाण्याचा थेंब टाकून बघा, तो चर्र होऊन लगेच उडून गेला तर अजून तापायचीय. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला की तापली. आता एक चमचा तेल टाकून चारी बाजूंनी फिरवा आणि ते तेल वाटीत काढून घ्या, मग ताजं तेल घाला. या पहिल्या तेलाने लोखंडाला थर बसतो आणि अंडं-भात चिकटत नाही.

घाण्याचं तेल म्हणजे लाकडी घाण्याचं बरं का, ते इथे नको. ते लवकर धुरकटतं आणि कडवट होतं. रिफाइंड जास्त तापमान सोसतं.

८. परतणं : मिनिटा-मिनिटाने

हे एका घाण्याचं आहे.

पहिल्यांदा अंडं. तेल चमकायला लागून हलका धूर दिसला की फेटलेल्या अंड्यातलं निम्मं ओता. ते लगेच फुगतं. उलथन्याने दोन-तीनदा सरकवा, १५ सेकंदांत वरून अजून थोडं ओलं असतानाच ताटलीत काढा. पूर्ण कोरडं होऊ दिलंत तर शेवटी रबरासारखं लागेल.

परत एक टेबलस्पून तेल, धूर दिसू द्या, आणि सगळा भात एकदम टाका. आता कान द्या. जोरात चरचर आवाज आला पाहिजे आणि तो टिकला पाहिजे. फदफद असा जड, ओला आवाज आला आणि कढईतून ढगासारखी वाफ निघाली तर भात ओला आहे किंवा जास्त झालाय. तसं झालं तर ढवळू नका, अर्धा भात ताटात काढून घ्या आणि उरलेला पसरून ठेवा.

भात कढईभर पसरा आणि ३० सेकंद त्याला हात लावू नका. सारखं ढवळायची सवय इथे नडते, शितांना लोखंडाशी टेकून भाजायला वेळच मिळत नाही. मग उलथनं तळाशी घालून खालचा भात वर आणा, राहिलेली ढेकळं उलथन्याच्या पाठीने हलकेच दाबा, परत पसरा, परत २० सेकंद थांबा. असं चार-पाच वेळा. अडीच-तीन मिनिटांनी भाताचा आवाज बदलतो, चरचर बारीक आणि कोरडी होते, आणि काही शितं तळावरून टुणकन उडायला लागतात. हीच खूण. तोपर्यंत काहीही घालू नका. शितं उडायच्या आधी सॉस घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

आता भात एका बाजूला सारा, मोकळ्या जागेत चमचाभर तेल, त्यात लसूण, आलं आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. दहा सेकंदांत वास सुटतो, लगेच भातात मिसळा. बरेच जण लसूण सगळ्यात आधी टाकतात, पण धुरावलेल्या तेलात तो अर्ध्या मिनिटात काळा होतो आणि सगळा भात कडवट लागतो, म्हणून मी तो नंतर टाकतो.

परतलेल्या भाज्या, मीठ, मिरपूड. भात शिजवताना मीठ घातलंय आणि सॉसमध्येही आहे, म्हणून जपून.

सोया सॉस, एका घाण्याला एक ते दीड टीस्पून, भातावर न ओतता कढईच्या वरच्या तापलेल्या कडेवर गोल फिरवून सोडा. तो लोखंडाला लागताच चरचरतो, त्यातलं पाणी उडतं आणि थोडासा करपल्यासारखा सुवास येतो, मग तो खाली भातात उतरतो. थेट भातावर ओतला तर जिथे पडला तिथली शितं तपकिरी आणि ओली, बाकी पांढरी. भात काळपट तपकिरी झाला पाहिजे असं काही नाही. चीनमधला यांगझोऊचा प्रसिद्ध अंड्याचा फ्राइड राइस तर पांढरा-पिवळाच असतो.

शेवटी अंडं तोडून घाला, हिरवी पात घाला, दोनदा वरखाली करा आणि गॅस बंद. अजिनोमोटो वापरत असाल तर दोन चिमटी सोया सॉसच्या आधी, नसेल तर काही बिघडत नाही.

ताटात काढा, कढई पुसा, परत धूर येईपर्यंत तापवा आणि दुसरा घाणा लावा. पहिला घाणा झाकून ठेवू नका, स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो.

९. चव बघून चूक कशी ओळखायची

शितं सुटी आहेत पण चावताना आत टचटचीत लागतात, याचा अर्थ पातेल्यात भात कमी शिजला किंवा दोन-तीन दिवसांचा झालाय. फ्रिजमध्ये दिवस वाढले की भात नुसता कडक होत जातो, जास्त शिळा म्हणजे जास्त चांगला असं नाही. त्याच घाण्यात सुधारायचं असेल तर कडेने दोन टीस्पून पाणी सोडून अर्धा मिनिट परता, यापेक्षा जास्त नको.

सुटा आहे पण उकडल्यासारखा बेचव लागतो, तर कढई तापली नव्हती किंवा तुम्ही सतत ढवळत राहिलात. तळाला भाताचा थर चिकटला तर बहुतेक वेळा कढई थंड असताना तेल घातलेलं असतं. तेलकट लागला तर भात चिकटतोय म्हणून मध्येच तेल वाढवलं असेल, चिकटपणावर तेल हा उपाय नाही, थोडं थांबणं आणि आच हा आहे.

सोन्याने मढवलेली चांदी अशा अर्थाचं नाव असलेला एक चिनी प्रकार आहे, त्यात अंड्याचा बलक आधीच भाताला चोळतात म्हणजे प्रत्येक शीत पिवळं होतं. दिसतो सुंदर, पण त्यात आपण कोरड्या भाताला परत ओलं करतो, त्यामुळे घरच्या गॅसवर २०० ग्रॅमपेक्षा जास्त भात घेऊन तो करू नका. साधा प्रकार तीन-चारदा जमल्यावर बघा.

१०. आजच खायचाय आणि कालचा भात नाही

मग भात वर सांगितल्यासारखा वेळून काढा, फक्त एक मिनिट आधी उतरवा. दोन ताटांत शितं जवळजवळ एकपदरी दिसतील इतका पातळ पसरा आणि पूर्ण वेगाच्या पंख्याखाली ४० मिनिटं ठेवा, दर दहा मिनिटांनी हलवा. ताज्या शितांवर जी ओली चकाकी असते ती जाऊन शितं निस्तेज दिसली की घ्या. वेळ असेल तर त्यानंतर अर्धा तास फ्रिजमध्ये उघडा ठेवा. आतून तो रात्रीच्या भाताइतका घट्ट नसतो, म्हणून घाणा २०० ग्रॅमचाच घ्या आणि ढेकळं उलथन्याने दाबू नका, सुटतील तेवढी सुटू द्या. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा चाळीस मिनिटांत भात कोरडा होत नाही, त्या दिवसांत मी तासभर धरतो.

परतलेला भात उरला तर तो दुसऱ्यांदा फ्रिजमध्ये ठेवून परत गरम करू नका, एकदा गार करून एकदा गरम केलेला भात तिथेच संपवायचा. दोन माणसांना २०० ग्रॅम तांदूळ बरोबर पुरतो, सोबत सूप असेल तर १५० घ्या.